बुल कॉल स्प्रेड: खर्चालाही कुंपण, नफ्यालाही कुंपण

आजचा भाग खोपोलीत, माझ्या मावसभावाच्या घरी रेकॉर्ड केलाय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे ऑडिओत मागे पत्र्यावरचा आवाज येईल. हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकत असाल तर तो ट्रेनचा आहे असं समजा. या पत्र्याचा आणि आजच्या विषयाचा संबंध आहे, तो पुढे येईलच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे मी अडखळलो तिथे थोडी दुरुस्ती केली आहे, बाकी तेच.

आधीच सांगतो, मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. दिवसा कोड लिहितो आणि ऑप्शन्सचं गणित आवडतं म्हणून ते करतो. हा भाग त्यांच्यासाठी आहे ज्यांना कॉल, पुट, स्ट्राइक, प्रीमियम हे शब्द माहीत आहेत, ज्यांनी स्वतः चार-सहा महिने कॉल विकत घेऊन बघितलेत, आणि ज्यांना एक अनुभव नक्की आलाय: मार्केट आपल्या बाजूने गेलं, तरी कॉलमध्ये पैसे गेले.

सुरुवात जमिनीपासून करतो, कारण आपल्या कर्जत-खालापूरला ऑप्शन म्हणजे काय हे शेअर बाजारात न जाताही लोकांना कळतं. पनवेल-कर्जत लोकलचं काम सुरू झालं, तशी स्टेशनच्या आजूबाजूच्या गावांत एजंट लोकांची ये-जा वाढली. समजा एका एजंटने शेतकऱ्याशी ठरवलं की सहा महिन्यांत ही जागा मी १० लाख रुपये गुंठ्याने घेईन, आणि त्यासाठी गुंठ्यामागे ५० हजार विसार दिला. आकडे समजण्यापुरते आहेत, भाव विचारायला फोन करू नका. सहा महिन्यांत भाव १३ लाखांवर गेला तर एजंटची चांदी. भाव पडला तर तो विसार सोडून देतो. हा झाला कॉल. फरक इतकाच की जमिनीत विसार शेवटी किमतीत वळता होतो, ऑप्शनचा प्रीमियम कधीच वळता होत नाही.

आता या एजंटला वाटतं की भाव वाढेल, पण १२ लाखांच्या वर सहा महिन्यांत काही जात नाही. मग तो मुंबईच्या एका पार्टीला सांगतो, ‘सहा महिन्यांत कधीही १२ लाखांनी ही जागा माझ्याकडून घ्यायचा हक्क तुला देतो, गुंठ्यामागे २० हजार दे.’ पार्टी देते. आता एजंटच्या खिशातून गेले फक्त ३० हजार. भाव १२ लाख झाला तर १० ला घेऊन १२ ला देणार, २ लाखांतून ३० हजार वजा, १ लाख ७० हजार सुटले. भाव २० लाख झाला तरी त्याला १ लाख ७० हजारच, कारण १२ च्या वरचं सगळं त्याने आधीच विकलंय. आणि भाव पडला तर नुकसान ५० हजारांचं नाही, ३० हजारांचं.

बुल कॉल स्प्रेड म्हणजे एवढंच. खालच्या स्ट्राइकचा कॉल विकत घ्यायचा, त्याच एक्स्पायरीचा वरच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा, दोन्ही सारख्याच संख्येने. वरच्या कॉलचे मिळालेले पैसे खालच्या कॉलच्या खर्चातून वजा होतात. त्या बदल्यात वरच्या स्ट्राइकपुढचा नफा आपण सोडून देतो.

आता पत्र्याकडे येतो.

२०२४ चा जून आठवा. १ जूनला, शनिवारी संध्याकाळी, लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी ३ जूनला निफ्टी ७३३ अंकांनी वर, २३,२६३.९० वर बंद. मंगळवारी ४ जूनला मतमोजणी. दादा खोपोलीत कंपनीत कामाला आहे, पाच-सहा वर्षं ट्रेडिंग करतो, अगदी नवखा नाही. त्याने सोमवारी दुपारी जूनच्या शेवटच्या एक्स्पायरीचे, म्हणजे २७ जूनचे, निफ्टीचे कॉल घेतले. १० लॉट. पैसे कुठले? पावसाआधी घरावरची जुनी कौलं काढून पत्रा टाकायचा होता, त्यासाठी बाजूला ठेवलेले. ‘तीन दिवसांचा तर प्रश्न आहे,’ असं तो मावशीला म्हणाला होता.

४ जूनला निफ्टी १,३७९ अंकांनी पडला, २१,८८४.५० वर बंद. जवळजवळ सहा टक्के, एका दिवसात. दादाने दुपारी सगळं विकून टाकलं. पत्रा त्या वर्षी पडला नाही, गळक्या कौलांवर प्लास्टिक टाकून पावसाळा काढला.

त्याच्या नेमक्या सौद्यांचे भाव मी इथे देत नाही. त्याऐवजी निफ्टीचे खरे बंद भाव घेऊन ब्लॅक-शोल्स मॉडेलने प्रीमियम काढलेत. म्हणजे पुढचे प्रीमियम त्या दिवशी स्क्रीनवर जे दिसले ते नाहीत, माझ्या लॅपटॉपवर निघालेले आहेत. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपण नुसतं आयव्ही म्हणू, ती ३ जूनला २० टक्के, ४ जूनला २५ आणि ७ जूनला १७ धरली आहे, आणि दोन्ही स्ट्राइकना सारखीच. इंडिया व्हिक्स त्या दिवसांत साधारण याच पट्ट्यात फिरत होता. लॉट तेव्हा २५ चा होता. नंतर तो वाढवला गेला, म्हणून तुम्ही स्वतः करताना आजचा लॉट बघून घ्या.

तर ३ जूनची संध्याकाळ. निफ्टी २३,२६४. एक्स्पायरीला २४ दिवस. २३,३०० चा कॉल येतो साधारण ५१० रुपयांना, आणि २३,८०० चा कॉल २९५ ला.

नुसता कॉल घेतला तर एका लॉटला ५१० गुणिले २५, म्हणजे १२,७५० रुपये. स्प्रेड केला, २३,३०० घेतला आणि २३,८०० विकला, तर ५१० वजा २९५, म्हणजे २१५. लॉटमागे ५,३७५ रुपये. हा झाला जास्तीत जास्त तोटा. यापलीकडे एक रुपया जाऊ शकत नाही, निफ्टी शून्यावर गेला तरी. अर्थात ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे, आणि स्प्रेडमध्ये आत-बाहेर मिळून दोनाऐवजी चार ऑर्डर लागतात, त्यामुळे ते थोडे जास्त.

जास्तीत जास्त नफा किती? दोन स्ट्राइकमधलं अंतर ५००. त्यातून खर्च २१५ गेला, राहिले २८५. लॉटमागे ७,१२५. एक्स्पायरीला निफ्टी २३,८०० ला असो की २६,००० ला, आकडा तोच. आणि ना नफा ना तोटा कुठे? २३,३०० अधिक २१५, म्हणजे २३,५१५. नुसत्या कॉलला हाच बिंदू २३,८१० वर असतो. हे लक्षात ठेवा, कारण खर्च कमी झाल्याचा हा दुसरा फायदा लोकांच्या नजरेतून सुटतो. निफ्टीला तुमच्यासाठी कमी चालावं लागतं.

ज्यांना स्वतः आकडे बदलून बघायचेत त्यांच्यासाठी चार ओळींचं पायथन इथे टाकतोय. हे फक्त एक्स्पायरीच्या दिवसाचं उत्तर देतं, मधल्या दिवसांचं नाही.

```python
def spread(n, k1=23300, k2=23800, net=215):
    return max(n - k1, 0) - max(n - k2, 0) - net

for n in (23300, 23515, 23800, 24044.5, 25000):
    print(n, spread(n))
```

आता ४ जूनची संध्याकाळ. निफ्टी २१,८८४. मॉडेलप्रमाणे ५१० चा कॉल उरला १३४ ला. लॉटमागे ९,४०० गेले. १० लॉट असतील तर ९४,००० एका दिवसात, स्क्रीनवर लाल अक्षरांत. स्प्रेडमध्ये काय झालं? आपण घेतलेला कॉल १३४ वर आला, पण आपण २९५ ला विकलेला कॉलही ६९ वर आला. त्या विकलेल्या कॉलमध्ये आपल्याला फायदा आहे. दोन्हींतला फरक ६५. म्हणजे २१५ चा स्प्रेड ६५ चा झाला, लॉटमागे ३,७५० चा तोटा. १० लॉटला ३७,५००.

टक्क्यांत पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखेच पडले, सत्तर टक्क्यांच्या आसपास. स्प्रेड काही जादू करत नाही, दिशा चुकली की तोही बुडतो. पण ९४,००० आणि ३७,५०० यांत माणूस वेगळा वागतो. मी दादाला विचारलं होतं, ‘दादा, तू थांबला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘अरे, उरलेले तीस-पस्तीस हजारही जातील असं वाटलं. निदान तेवढे तरी वाचवू म्हटलं.’ त्या क्षणी त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

आता शुक्रवार, ७ जून. तीन दिवसांत मार्केट सगळं भरून काढून २३,२९०.१५ वर बंद झालं. सोमवारच्या बंदपेक्षा २६ अंक वर. ज्याने घाबरून विकलं नाही, त्याचा कॉल कुठे असायला हवा? किमान ५१० वर तरी, असं वाटेल. मॉडेल म्हणतं, ४०७. निफ्टी वर, आणि कॉल १०३ रुपयांनी खाली. लॉटमागे २,५७५ गेले, दिशा बरोबर असूनही.

हेच ते, जे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे पण नीट बोट ठेवता येत नाही. दोन गोष्टी झाल्या. एक, चार दिवस गेले. रोज प्रीमियममधला थोडा भाग झिजतो, त्याला थीटा म्हणतात. दुसरी, आणि इथे मोठी गोष्ट तीच आहे, आयव्ही २० वरून १७ वर आली. निकालाआधी कोणालाच माहीत नसतं काय होणार, म्हणून सगळे ऑप्शन महाग असतात. निकाल लागला, अनिश्चितता संपली की ही महागाई उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्रीचा भाव चढतो आणि गणपतीनंतर उतरतो, तसं. तुम्ही ३ जूनला कॉल घेतला तेव्हा निफ्टीच्या वाढीबरोबर ही महागाईही विकत घेतली होती.

स्प्रेडमध्ये तीच महागाई तुम्ही एका हाताने घेता आणि दुसऱ्या हाताने विकता. ७ जूनला विकलेला २३,८०० चा कॉल १९८ वर आलेला आहे, म्हणजे त्या बाजूला ९७ रुपयांचा फायदा. घेतलेल्यात १०३ गेले, विकलेल्यात ९७ आले. स्प्रेडची किंमत ४०७ वजा १९८, म्हणजे २०९. घेतला होता २१५ ला. इतकी उलथापालथ होऊन लॉटमागे फक्त १५० रुपये खाली. माझ्या मते स्प्रेडचं खरं कारण हे आहे, ‘स्वस्त पडतो’ हे नंतर. निकाल, बजेट, आरबीआयचं पतधोरण अशा दिवसांआधी आयव्ही फुगलेली असते, आणि तेव्हा नुसता कॉल घेणं म्हणजे दिशेबरोबर आयव्हीवरही पैज लावणं. ती दुसरी पैज तुम्हाला लावायचीच नसते, बहुतेक वेळा ती लावलीय हे माहीतही नसतं.

याची उलटी बाजूही ऐका. आयव्ही खूप खाली असेल, व्हिक्स ११-१२ ला, आणि तुम्हाला वाटत असेल की मार्केट जोरात उसळणार, तर स्प्रेडचा हा फायदा उरत नाही. तिथे वरचा कॉल स्वस्तात विकून तुम्ही मोठी चाल हातातून घालवता.

आता २७ जून, एक्स्पायरी. निफ्टी २४,०४४.५० वर बंद. त्याच दिवशी तो पहिल्यांदा २४,००० च्या वर बंद झाला होता. २३,३०० च्या कॉलची किंमत ७४४.५०. खर्च ५१० होता, नफा २३४.५०, लॉटमागे साधारण ५,८६२. स्प्रेडची किंमत पूर्ण ५००, नफा २८५, लॉटमागे ७,१२५. निफ्टी वरच्या स्ट्राइकच्या २४४ अंक पुढे गेला, नफ्याला कुंपण घातलेलं, तरीही अर्ध्याहून कमी पैसे लावलेल्या स्प्रेडने जास्त दिले.

हे कसं? नुसता कॉल स्प्रेडला मागे कधी टाकतो याचं सोपं उत्तर आहे: वरचा स्ट्राइक अधिक त्याचे मिळालेले पैसे. इथे २३,८०० अधिक २९५, म्हणजे २४,०९५. निफ्टी त्याच्या खाली कुठेही बंद झाला तर स्प्रेड सरस, वर गेला तर नुसता कॉल सरस. म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी स्वतःला हा एकच प्रश्न विचारा: एक्स्पायरीपर्यंत निफ्टी २४,०९५ च्या वर जाईल असं मला खरंच वाटतंय का? उत्तर ठाम हो असेल तर स्प्रेड करू नका. ‘वाढेल, पण एवढं नाही’ असेल तर हा ट्रेड तुमच्यासाठी आहे.

एक प्रामाणिकपणे सांगतो. ही गोष्ट छान वाटते कारण निफ्टी परत वर आला. तो २२,८०० ला राहिला असता तर २७ जूनला स्प्रेडचेही २१५ च्या २१५ गेले असते. ३ जूनला २१५ ला ५०० चा स्प्रेड मिळत होता, म्हणजे ४३ टक्के. याचा ढोबळ अर्थ असा की बाजार तुमच्या यशाची शक्यता निम्म्याहून जरा कमीच धरत होता. स्प्रेड वर सरकवला, समजा २४,३०० आणि २४,८००, तर तो खूप स्वस्तात मिळेल, पण स्वस्त आहे कारण तिथे पोचण्याची शक्यता कमी आहे. ‘१०० लावून ४०० मिळतात’ म्हणून नाचू नका.

आता जिथे लोक चुकतात ते. सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली आहे. स्प्रेड स्वस्त पडतो, मग त्याच पैशांत जास्त लॉट घ्यायचे. हिशेब करा. १० लॉट कॉलला १,२७,५०० लागत होते. तेवढ्यात स्प्रेडचे २३ लॉट बसतात. ४ जूनला २३ लॉटचा तोटा किती? ८६,२५०. म्हणजे पुन्हा तिथेच, ९४,००० च्या शेजारी, फक्त जास्त ब्रोकरेज भरून. खर्चाला कुंपण घालण्याचा सगळा उद्देशच गेला. लॉट किती हे आधी ठरवा, पूर्ण डेबिट बुडालं तर चालेल असा आकडा धरून, आणि स्प्रेड स्वस्त निघाला म्हणून तो बदलू नका.

तसंही मार्जिन तुम्हाला आडवं येईलच. ५,३७५ चा स्प्रेड म्हणून खात्यात साडेपाच हजार ठेवून ऑर्डर टाकली तर रिजेक्ट होते, आणि मग मला मेसेज येतात. तुमचा तोटा बांधलेला असला तरी विकलेल्या लेगवर एक्स्चेंज मार्जिन मागतं. घेतलेल्या कॉलमुळे ते बरंच कमी होतं, पण इंडेक्स ऑप्शनवर कॉन्ट्रॅक्टच्या किमतीच्या साधारण दोन टक्क्यांचं एक्स्पोजर मार्जिन राहतंच. २३,२६४ गुणिले २५ म्हणजे ५ लाख ८१ हजार, त्याचे दोन टक्के ११,६०० च्या पुढे, आणि त्यावर आणखी थोडं. नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शन्सवर आणखी दोन टक्के जादा लागतात. हे पैसे जात नाहीत, अडकतात. ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही लेग टाकून आधीच बघा.

ऑर्डरचा क्रम. आत जाताना आधी विकत घ्यायचं, मग विकायचं. बाहेर येताना उलटं: आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग आपला विकायचा. बाहेर येताना चुकून आपला कॉल आधी विकला तर एक क्षण तुम्ही नागडा कॉल विकून बसलेले असता, मार्जिन एकदम लाखाच्या घरात जातं, आणि मार्केट उसळलं तर तोटाही बांधलेला राहत नाही. बास्केट ऑर्डरची सोय असते, ती वापरा, आणि मार्केट ऑर्डर नको, लिमिट टाका. लांबच्या किंवा अर्धवट स्ट्राइकना, २३,८५० वगैरे, घेणारे-विकणारे कमी असतात. तिथे दोन्ही लेगमध्ये पाच-पाच रुपये घसरले तर २८५ च्या नफ्यातले १० जाताना आणि १० येताना गेले.

मग एक तक्रार जी हमखास येते: ‘निफ्टी वरच्या स्ट्राइकच्या पुढे गेला, तरी स्प्रेड ५०० का दाखवत नाही?’ समजा निफ्टी दोन आठवडे आधीच, १३ जूनला, २४,०४४ वर पोचला असता. १४ टक्के आयव्ही धरली तर मॉडेल स्प्रेडची किंमत ३९५ च्या आसपास दाखवतं. कारण आपण विकलेल्या कॉलमध्ये अजून १४ दिवसांचा वेळ शिल्लक आहे आणि त्या वेळेची किंमत आपल्या विरुद्ध बसलेली आहे. ती एक्स्पायरीकडे जाता जाताच वितळते. नुसत्या कॉलवर झटपट चाल मिळाली की झटपट नफा दिसतो, इथे तसं होत नाही. ३९५ ला काढायचं की उरलेल्या १०५ साठी दोन आठवडे थांबायचं, हा तुमचा निर्णय. मी तरी जास्तीत जास्त नफ्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास आलं की काढतो. इथे ३९५ वजा २१५, १८० मिळतात, म्हणजे २८५ च्या ६३ टक्के. शेवटच्या थोड्यासाठी पूर्ण मिळालेलं पुन्हा पणाला लावायचं माझ्याच्याने होत नाही.

शेवटचा मुद्दा शेअर्सच्या ऑप्शन्सचा, आणि इथे जरा हळू ऐका. निफ्टीचा हिशेब रोखीत होतो, फरकाचे पैसे आले-गेले, संपलं. शेअर्सच्या ऑप्शन्समध्ये ऑक्टोबर २०१९ पासून सगळीकडे प्रत्यक्ष डिलिव्हरी आहे. एक्स्पायरीला कॉल इन द मनी राहिला तर शेअर घ्यावे लागतात, पूर्ण पैसे भरून.

कल्पना करा, शेअर १,००० च्या आसपास, लॉट ७०० चा, आणि तुम्ही १,००० आणि १,०५० चा स्प्रेड केला. एक्स्पायरीला शेअर १,०५० च्या वर बंद झाला तर घेणं आणि देणं दोन्ही आहे, ते एकमेकांत वळतं होतं. १,००० च्या खाली राहिला तर दोन्ही कॉल शून्य. अडचण मधे आहे. १,०३० ला बंद झाला तर तुमचा कॉल जिवंत, विकलेला मेला. आता ७०० शेअर १,००० ने घ्यायचे, ७ लाख रुपये. वीस-पंचवीस हजारांच्या ट्रेडसाठी सात लाख. एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत ब्रोकर यासाठी डिलिव्हरी मार्जिन वाढवत नेतो, आणि खात्यात पैसे नसले तर तोच पोझिशन कापतो, मिळेल त्या भावाला. म्हणून शेअरमधला स्प्रेड त्या चार दिवसांत घेऊन बसायचा नाही. ते सुरू व्हायच्या आधीच बाहेर.

दादा आता फक्त निफ्टीतच करतो, एका वेळी दोन लॉट, आणि डेबिट आधीच वहीत लिहून ठेवतो, ‘गेले’ असं शेजारी लिहून. पत्रा त्याने पुढच्या वर्षी बोनसमधून टाकला. ट्रेडिंगच्या पैशांतून नाही, हे त्याने मला मुद्दाम सांगायला लावलंय.

पुढच्या भागात हेच उलट्या दिशेने, बेअर पुट स्प्रेड. या भागातल्या आकड्यांवर प्रश्न असतील तर खाली लिहा, स्ट्राइक आणि एक्स्पायरीसकट लिहा, नुसतं ‘भाऊ, लॉस झाला’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.